वरची जुडी

आमच्या विणकर सोसायटीत सुताचा हिशेब ठेवायची नवी पद्धत मी आणली आणि त्या पद्धतीने पहिला चोर पकडला तो माझा बाप. याहून मोठी कामगिरी माझ्या हातून पुढच्या सगळ्या नोकरीत झाली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातली मी पहिली बी.कॉम. मुलगी. पहिली म्हणजे किती पहिली, तर निकालाच्या दिवशी शेजारची काकू माझ्या मायला म्हणाली, "पोट्टी पास झाली म्हंते, पण कशात वं?" मायने सांगितलं, "हिशेबात." काकू म्हणाली, "हट्, मंग तं वाण्याच्या पोट्ट्यालेच देऊन टाक ना." असा माझा सत्कार झाला. मी मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. महिनाभरात सोसायटीत हिशेबनीस म्हणून लागले तेव्हा तर उरलेलं अर्धं हळकुंडही चढलं.

सोसायटीचं काम सरळ होतं. गिरणीचं सूत व्यापाऱ्याकडून घ्यायचं, कोठीत ठेवायचं, सभासद विणकरांना वजन करून द्यायचं. ते घरी मागावर साड्या विणून आणायचे, त्यांना साडीमागे मजुरी मिळायची आणि साड्या आमच्या दुकानातून विकल्या जायच्या. सुताच्या कोठीवर कोठीवाला होता माझा बाप. आधी तोही विणकरच. छातीचा त्रास सुरू झाला म्हणून माग सोडला आणि कोठीची किल्ली कमरेला लावली. बाप कोठीत आणि लेक हिशेबात ही गोष्ट कोणत्याही ऑडिटरला झोप येऊ देणार नाही, पण तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. सगळे म्हणाले, चला, घरचाच कारभार.

बाप माझा गरीब, अबोल वगैरे बिलकुल नव्हता. आवाज असा की कोठीत बोलला तर चौकातला पानवाला उत्तर द्यायचा. स्वतःच्या हाताबद्दल त्याला फार अभिमान. "मी सूत हातात घेतलं का वजन सांगतो," म्हणायचा. सांगायचा खरं, पण दहातल्या चार वेळा चुकायचं, आणि तेव्हा काटा खराब असायचा. विणकर त्याच्यावर जीव टाकत. कारण तो प्रत्येकाला सूत मोजून दिलं की वरून एक लहानशी जुडी टाकायचा. "घे गा, हे वरची." भाजीवाली वरून कोथिंबीर टाकते तसं. ती जुडी घेताना विणकराचा चेहरा फुलायचा आणि देताना बापाचा त्याहून जास्त. मी लहानपणापासून हे पाहत आले होते. पाहून पाहून दिसेनासं झालेलं.

आता जुनी पद्धत सांगते. सांगायला वेळ लागत नाही, कारण तिच्यात वर्षभर काही करायचंच नसे. तीस जूनला सहकारी वर्ष संपायचं. त्या दिवशी कोठीतलं सूत मोजायचं. वर्षाच्या सुरुवातीला होतं ते, अधिक खरेदी केलं ते, वजा आज उरलं ते. जे आलं ते साड्यांना लागलं. बस. त्यावरून विकलेल्या साड्यांची किंमत काढायची.

आमची मायही स्वयंपाकघर असंच चालवायची. महिनाभर डब्यात हात, शेवटी डबा खडखडला की "सरली साखर." किती गेली? सगळी गेली. कशात गेली? चहात. मी दुपारी मूठ भरून खाल्लेली साखरही चहातच जायची. या पद्धतीत घरात चोर नसतो, फक्त चहा महाग पडतो. माझं बालपण या पद्धतीने फार सुखात गेलं.

सोसायटीत महाग पडायची साडी. दरवर्षी विणकर मजुरी वाढवून मागायचे आणि दरवर्षी अध्यक्षसाहेब ताळेबंद पुढे ठेवायचे. अध्यक्षसाहेब म्हणजे आमच्यातलेच, दोन दुकानं झाल्यावर साहेब झालेले. म्हणायचे, "कशी वाढवू गा? साडीमागं सूत किती लागून राहिलं ते पाहा. सूतच खाता का तुमी?" विणकर माघारी. आकड्यापुढे कोण बोलणार? नफा खरंच दात कोरून पोट भरण्याएवढा असायचा.

मी कॉलेजात दुसरी पद्धत शिकले होते. प्रत्येक मालाचं एक कार्ड. माल आला, लिहा. माल दिला, चिठ्ठी फाडा, लिहा. दर वेळी शिल्लक काढा. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही दिवशी, मोजल्याशिवाय, कोठीत किती असायला हवं ते कार्ड सांगतं. साडीच्या किमतीत फक्त चिठ्ठीवर दिलेलं सूत धरायचं. आणि मधून मधून खरोखर मोजून पाहायचं. कार्ड म्हणतं तेवढं नसेल तर जी तूट, ती तूट. ती साडीच्या पदराखाली लपत नाही, वेगळी उभी राहते.

कमिटीपुढे मी हे असं नाकाने कांदे सोलत सांगितलं की आज आठवलं तरी लाज वाटते. हातात खडू नव्हता, नाहीतर भिंतीवरही लिहिलं असतं. अध्यक्ष म्हणाले, "करा बाई." बाप मागे बसला होता. बाहेर येऊन भेटेल त्याला सांगत सुटला, "माया पोरीनं कमिटी गप्प केली." कमिटी जेवायची वेळ झाली म्हणून गप्प होती.

तीस जूनच्या मोजणीत कोठी जवळजवळ रिकामी होती. ऑगस्टात मोठी खरेदी झाली, दोन हजार किलो. पाच-पाच किलोची, कागदात बांधलेली, गिरणीची चिठ्ठी लावलेली गठ्ठरं. त्या दिवशी पावसाची झड लागलेली. आम्ही ताडपत्री धरून उतरवली. मी पिवळी कार्डं छापून घेतली होती, ती सुतळीने मांडणीला टांगली. आतापर्यंत कोठीत माल गठ्ठरावर मोजायचे. मी म्हटलं, छे, हे अडाणीपण. सुटं द्यायचं ते किलोत, तर सगळंच किलोत लिहू. गठ्ठरांचा रकाना मी छापलाच नाही. शास्त्रशुद्ध काम ना!

बापाला कार्डाचा काच होता. एका विणकराला सूत द्यायचं तर चिठ्ठी, सही, कार्डावर आकडा, शिल्लक. "एवढ्यात तं मी धोतर विणलं असतं," म्हणायचा. पण करायचा. लेकीचं काम आहे म्हणून जरा जास्तच नीट करायचा. जीभ बाहेर काढून आकडा लिहायचा आणि विणकराला दाखवायचा, "पाह्य, हे शिल्लक. न मोजता. माया पोरीचं डोकं."

एप्रिलात मी कार्डावरून साडीमागे सूत काढलं. अध्यक्षसाहेब दरवर्षी सांगतात त्यापेक्षा बरंच कमी निघालं. मला तर आकाश ठेंगणं झालं. म्हणजे विणकर सूत खात नव्हतेच! मी कागद घेऊन नाचत अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हंजे साडीत तं कमी लागते. मंग दरवर्षी बाकीचं जाते कुठं?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. आ बैल मुझे मार म्हणतात ते हे.

मेच्या मध्यात, कोणालाही न सांगता, कोठी मोजायची ठरलं. नागपूरचा मे. कोठीच्या पत्र्यावर पापड भाजता आले असते. सकाळी सातला सुरुवात केली. मोठ्या काट्यावर एकावर एक गठ्ठरं रचायची, सुटं सूतही त्यात, आणि ढिगाचं वजन लिहायचं. मी बेरीज करत होते, कमिटीचे दोघं पाहत होते, बाप स्वतः उचलून ठेवत होता आणि मधून मधून माझ्या डोक्याचं कौतुक करत होता. कार्ड म्हणत होतं सातशे किलो. काटा म्हणाला सहाशे दहा.

मी बेरीज पुन्हा केली. काट्याने पुन्हा तेच सांगितलं. नव्वद किलो कमी.

कोठी एका किल्लीची. किल्ली बापाच्या कमरेला. सगळ्यांचं लक्ष त्या कमरेकडे गेलं. बापाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने किल्ली काढली, काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मोजा आता हे पण." आवाज पहिल्यांदा लहान ऐकला मी त्याचा.

अध्यक्षांनी सांगितलं, येत्या सोमवारी मीटिंग. तोवर कोठी सील. तूट सिद्ध झाली तर भरपाई बापाच्या अनामतीतून, उरलेली पगारातून, आणि नोकरी अर्थातच नाही. नव्वद किलो सुताची किंमत बापाच्या सहा-सात महिन्यांच्या पगाराएवढी होत होती. पण पैशाचं सोडा. पाचपावलीपासून उमरेडपर्यंत विणकरांच्या घराघरांत त्याला ओळखायचे. सूतचोर हा शब्द आमच्यात खून केला त्याहून वाईट.

घरी मायने एकच विचारलं. "काहून वं, तुया कागदानं बापाले चोर म्हटलं का?"

"कागद कोणाला काही म्हणत नाही माय. कागद फक्त किती ते सांगतो. कोणी, ते सांगत नाही."

"मंग काय कामाचा तो?" म्हणाली आणि भाकरी अशी थापली की परात वाजली. कॉस्टिंगच्या कोणत्याही प्राध्यापकाने यापेक्षा नेमका आक्षेप घेतलेला मी ऐकला नाही.

त्या आठवड्यात मी हेरगिरी केली. आधी उंदरांवर संशय घेतला. नव्वद किलो सूत नेणारे उंदीर म्हणजे त्यांचीही सोसायटी असायला हवी होती. मग चौकीदारावर. त्याचा डबा रोज जाताना उचलून पाहायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, भूक लागते का? उद्या दोन भाकरी जास्त आणतो." मग बाहेर ओसरीत ठेवलेल्या काट्यावर. काटा तपासायचा तर माहीत असलेलं वजन हवं. मला फक्त माझं माहीत होतं, स्टेशनावरच्या मशीनच्या तिकिटावरचं. मी काट्यावर चढले. काट्याने माझं वजन स्टेशनपेक्षा चार किलो जास्त सांगितलं. म्हणजे काटा कमी दाखवत नव्हता आणि मी लग्नाच्या बाजारातही तशीच तुटीत होते. शेवटी मापाची वजनं मागवली. काटा बरोबर निघाला, मी जाड.

एकच गोष्ट मी केली नाही. बापाला विचारलं नाही. एकाच घरात राहत होतो, एकाच परातीतली भाकरी खात होतो. तो अंगणात बाजेवर पडून आभाळाकडे पाहायचा, मी पुस्तक उघडून त्याच पानावर बसायची. रोज ठरवायची की आता विचारते. पण त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून परत यायची. खरं सांगते, मला उत्तराची भीती वाटत होती. त्याने "नाही" म्हटलं असतं तर आकडा मधे उभा, आणि "हो" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

उलगडा झाला तो माझ्या अकलेने झाला असं लिहायला मला फार आवडलं असतं. झाला कूलरने.

कोठी सील करताना पुराव्यासाठी म्हणून एक गठ्ठर बाहेर काढून ठेवलं होतं. गठ्ठर तसंच बांधलेलं, कागद फक्त एका कोपऱ्यात फाटलेला. अध्यक्षांच्या खोलीत ते खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं. खिडकीत खसचा कूलर. साहेब आत असोत नसोत, तो दिवसभर फवारे सोडायचा. नेताना मी गठ्ठराचं वजन करून चिठ्ठीवर लिहिलं होतं, चार किलो सातशे वीस. चार दिवसांनी मीटिंगच्या तयारीत पुन्हा वजन केलं, चार किलो नऊशेवर काटा गेला.

आधी वाटलं, मी चष्मा पुसला नाही. मग वाटलं, कोणी आत काही कोंबलं. गाठ तशीच होती. मग हात लावला. सूत गार आणि मऊ लागलं. कोठीतलं सूत त्या दिवशी मला कसं लागलं होतं? कडकडीत, वाळल्या गवतासारखं. आणि गठ्ठराच्या अंगावर, माझ्या नाकासमोर, गिरणीची चिठ्ठी. निव्वळ वजन पाच किलो.

मी तिथंच बसले, अध्यक्षांच्या खुर्चीत.

कापूस पाणी पितो. पावसाळ्यात पितो, उन्हाळ्यात ओकतो. विणकराच्या घरात जन्मलेल्या पोरीला हे सांगावं लागू नये. दर मेमध्ये माय ताणा तुटू नये म्हणून मागाखाली पाणी शिंपडायची, ते काय जमिनीला तहान लागली म्हणून? ऑगस्टच्या झडीत पाच किलोचं घेतलेलं गठ्ठर मेमध्ये पावणेपाचच्या आत आलं होतं. धागा एकही गेला नव्हता. पाणी गेलं होतं. मी गठ्ठरं मोजली असती तर एका मिनिटात दिसलं असतं की न उघडलेली सगळी जागेवर आहेत. पण तो रकाना मी छापला नव्हता. आणि सुटं सूतही आम्ही महिन्यामागून महिने सुकत गेलेल्या वजनाने देत होतो, म्हणजे प्रत्येक किलोत धागा थोडा जास्त जात होता. काखेत कळसा आणि मी उंदरांच्या मागे. जुन्या मोजणीत हे कधी दिसलं नाही, कारण तीस जूनपर्यंत पाऊस येऊन कोठीतलं सूत पुन्हा पिऊन बसलेलं असायचं.

कमिटीच्या एकाला सोबत घेऊन मी कोठी उघडवली. न उघडलेली गठ्ठरं मोजली. उघडलेल्या गठ्ठरांच्या गिरणीच्या चिठ्ठ्या बापाने तारेला ओवून ठेवल्या होत्या, त्या धरून चारशे भरली, एकही कमी नाही. काहींचं वजन केलं. सगळीच हलकी, आणि जवळपास सारखीच. हलकेपणाचा हिशेब मांडला, शिल्लक सुताचा आणि दिलेल्या सुताचाही. दिलेल्याचा अंदाजच करावा लागला. नव्वदपैकी पंचाहत्तर किलो हवेत गेले. पंधराएक किलो तरीही उरले.

हे पंधरा मी खिशात घेऊन मीटिंगला गेले.

मी गठ्ठर टेबलावर ठेवलं, दोन्ही वजनं सांगितली, कूलरकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी गठ्ठर दाबून पाहिलं, मग कूलर, मग पुन्हा गठ्ठर. हळूच म्हणाले, "म्हंजे कोणी नाई नेलं."

"पंचाहत्तर कोणी नाही नेलं," मी म्हटलं. "पंधरा राहतात."

तेव्हा मागून बापाचा आवाज आला, जुना, चौकात ऐकू जाणारा. "ते मीच देल्ले."

सगळ्या माना मागे वळल्या.

"चिठ्ठीमागं एक जुडी वरून टाकतो मी. सगळ्याइले माहीत हाय. हे काही आजचं नाई. गरिबाचा धागा तुटते, हात आखडून कोण देते? चिठ्ठ्या मोजा अन् गुणा."

मी मोजल्या होत्या. ऑगस्टपासून दीडशेच्या आसपास चिठ्ठ्या. एक जुडी शंभर ग्रॅम. पंधरा किलो. इतका नीट बसणारा हिशेब मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही, आणि इतका नको वाटणाराही नाही.

पण कमिटीला हायसं वाटलं. जुडी तर प्रत्येकाने घेतली होती, अध्यक्षांनी सुद्धा, साहेब होण्याआधी. ते हसले. म्हणाले, "चला, चोर कोणी नाई. अन् बाई, तुमचे ते कार्ड आता काढून टाका. भल्या माणसाले उगा सुळावर चढवून राहिले. जुनंच बरं होतं. तीस जूनले मोजू, जे लागलं ते लागलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली. बाप सुटला होता. मला आणखी काही नको होतं.

सगळे उठायला लागले, बाप मात्र उठला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, एक सांग. जुन्या हिशेबात माही जुडी कुठं जात होती?"

"साडीत, बाबा. साडीला लागलेल्या सुतात."

"म्हंजे दरवर्षी साहेब म्हणे का साडीले सूत लय लागते, मजुरी वाढवता येत नाई. त्यात माही जुडी होती?"

"होती. सगळी तीच नव्हती. पण होती."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात म्हणतात ना, बापाने इतकी वर्षं ठेवलं होतं. आता कळत होतं की हलवाई दुसरा कोणी नव्हता. जो जुडी घेऊन हसत जायचा तोच. त्याच्याच मजुरीतून काढून त्याच्याच ओंजळीत टाकत होता आणि वरून दुवा घेत होता. कोणी त्या जुडीचा पंचा विणला, कोणी पोराच्या पतंगाला लावली, पण मजुरी साऱ्यांची अडली.

मग तो अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, कार्ड राहू द्या. जुन्या पद्धतीत मी कधी चोर नोहतो, हे खरं हाय. पण साव बी नोहतो. कोणी मोजलंच नाई तं साव कसा ठरन माणूस? पोरीच्या कार्डानं मले धरलं अन् तेच्यानंच सोडलं." मग कमिटीकडे वळून म्हणाला, "अन् जुडी चिठ्ठीवर लिहा. द्याची तं लिहून द्या, नाई तं देऊ नका."

कार्डं राहिली. मी गठ्ठरांचा रकाना छापून घेतला, शाई न वाळलेला, घाईत. न उघडलेला माल गठ्ठरात, सुटा किलोत, आणि सुकण्याची वेगळी ओळ. पुढच्या वर्षी साडीमागे सूत किती हे सगळ्यांसमोर निघालं. अध्यक्ष दरवर्षी सांगायचे त्याहून कमी, मी एप्रिलात नाचत नेलेल्या आकड्यापेक्षा जास्त, कारण सुकलेल्या किलोत जाणारा जादा धागाही आता त्यात धरला होता. मजुरी थोडी वाढली. जुडी मात्र बंद झाली. काही दिवस विणकर काट्यापाशी उगाच थांबायचे आणि बाप काट्याकडे पाहत बसायचा. हात सवयीने जुडीपर्यंत जाऊन परत यायचा. तो परत येणारा हात पाहिला की मला ओरडून रडावंसं वाटायचं. माझी पद्धत बरोबर होती आणि तिने त्याचा एवढाच एक आनंद काढून घेतला होता.

मीटिंगच्या संध्याकाळी आम्ही दोघं पायीच घरी निघालो. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "तू सगळ्याइले विचारलं. चौकीदाराले विचारलं. काट्याले विचारलं. उंदराच्या बिळात बी पाह्यलं म्हंते माय. मलेच काहून नाई विचारलं वं?"

मी म्हटलं, "कार्डात तो रकाना नव्हता बाबा."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि तिथं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या खेपेले छापून घेजो."